मदत हवी आहे: पहिल्या कादंबरीची घोषणा लिहिताना गोष्टही फुटते आणि बढाईही होते

कोरं पान

मंडळी, माझी पहिली कादंबरी पुढच्या महिन्यात येते आहे. नाव 'चौकटीतला मजकूर', पानं २१२. प्रकाशक म्हणाले, तुमच्या ओळखीपाळखीत फिरवायला घोषणेच्या चार ओळी तुम्हीच लिहा. दोनशे पानं लिहिताना झाला नाही एवढा त्रास या चार ओळींनी दिला. शेवटी जे उतरलं ते दोघांना दाखवलं. मैत्रीण म्हणाली, "चला, आता पुस्तक वाचायला नको." मित्राने विचारलं, "हे तू लिहिलंस की तुझ्या सत्कार समितीने?" दोघांचंही खरं आहे, म्हणून इथे आले. मसुदा असा:

> कळवण्यास अत्यंत आनंद होतो की, सात वर्षांच्या अथक परिश्रमांतून साकारलेली, मानवी नात्यांचा वेध घेणारी, वाचकाला शेवटच्या पानापर्यंत खिळवून ठेवणारी माझी पहिलीवहिली कादंबरी 'चौकटीतला मजकूर' १५ तारखेला प्रकाशित होत आहे. दैनिकात निधनाच्या जाहिराती तपासणाऱ्या नलिनीला एक दिवस स्वतःच्या जिवंत भावाच्या निधनाची जाहिरात मिळते. शोध घेता घेता तिला कळते, की ती भावानेच दिली आहे, देणेकऱ्यांपासून सुटण्यासाठी. नलिनी ती छापेल का? धक्कादायक शेवटासाठी जरूर वाचा. मान्यवरांच्या मते ही कादंबरी मैलाचा दगड ठरेल.

(इथे गोष्ट फुटलीच आहे. तुम्ही सगळे माझे वाचक म्हणून गेलात, क्षमस्व.)

झटपट

सोपं आहे. गोष्ट सांगूच नका. 'एक जाहिरात. एक बहीण. एक निर्णय.' बस. आणि जे काही लिहाल ते दोन ओळींत संपवा. फोनवर लोकांना पहिल्या दोन-तीन ओळीच दिसतात, पुढचं वाचायला बोट लावावं लागतं आणि कोणी लावत नाही.

आत्याबाई

अभिनंदन! माझ्या यजमानांच्या कवितासंग्रहाच्या वेळी आम्ही अध्यक्षांचं नाव वर छापलं आणि प्रमुख पाहुण्यांचं खाली. पाहुणे आलेच नाहीत. तेव्हा पत्रिकेत नावं एकाच ओळीत घ्या, आणि कार्यक्रमाची वेळ अर्धा तास आधीची छापा म्हणजे लोक वेळेवर येतात.

कोरं पान

आत्याबाई, समारंभ नाहीये हो. पुस्तक नुसतंच येणार आहे. ही पत्रिका नाही.

जुना खिळा

वीसेक वर्षं दुसऱ्यांच्या पुस्तकांची मलपृष्ठं लिहिली, म्हणून बोलतो.

आधी झटपट यांच्याबद्दल. पहिल्या दोन ओळींचं त्यांचं म्हणणं बरोबर आहे. तुमच्या पहिल्या दोन ओळींत 'कळवण्यास आनंद होतो' आणि परिश्रम आहेत, नलिनीचा पत्ताच नाही. पण 'एक जाहिरात, एक बहीण, एक निर्णय' यातून काहीच कळत नाही. ही ओळ घर विकण्याच्या कादंबरीला चालेल, लग्नाच्याही चालेल. लपवल्याने कुतूहल वाढतं असा समज आहे, पण ज्याचा चेहराच दिसला नाही त्याची उत्सुकता कशी वाटणार? कुतूहल नेमक्या तपशिलातून येतं. 'निधनाच्या जाहिराती तपासणारी बाई' हे ऐकून मी थांबलो. असं काम कोणीतरी रोज करत असेल हे माझ्या कधी मनातच आलं नव्हतं.

आता किती सांगायचं ते. एक प्रश्न: नलिनीच्या हातात ती जाहिरात कितव्या पानावर येते? आणि ती भावानेच दिली हे कितव्या पानावर कळतं?

कोरं पान

जाहिरात पान ११ वर. भावाचं पान १४३ वर.

जुना खिळा

मग उत्तर तुमच्याच पुस्तकात आहे. पान ११ ही गोष्टीची किल्ली आहे, ती द्यायचीच. ती दिली नाहीत तर सांगायला उरतं काय? पान १४३ मात्र वाचकाने चालत जाऊन गाठायचं आहे. माझा अंदाजपंचे हिशेब असा, की पहिल्या चतुर्थांशात जे वाचकाला कळणारच आहे त्यातलं सांगायला हरकत नाही, त्यापलीकडचं नाही. तुमच्या बाबतीत पान ५० च्या आसपास रेघ ओढा. देणेकरी कधी येतात?

कोरं पान

पहिला फोन पान ७० ला.

जुना खिळा

म्हणजे तेही बाहेर. आणि लोकांच्या लक्षात न येणारी एक गळती आहे. 'धक्कादायक शेवट' हाही गौप्यस्फोटच. शेवट काय ते तुम्ही सांगितलं नाहीत, पण शेवटी काहीतरी उलटणार हे सांगितलंत. आता वाचक पहिल्या पानापासून संशय घेत वाचणार, जो भला वाटेल त्यालाच आधी धरणार. पान १४३ चा धक्का तिथेच निम्मा झाला. शिवाय तुमची गोष्ट मला बहीणभावाची वाटते, रहस्यकथा नव्हे. 'धक्कादायक' वाचून येणारा वाचक खून शोधत बसेल आणि तुमच्यावर चिडेल.

बढाईचं म्हणाल तर सगळी 'णारी' आणि 'लेली' काढून टाका. साकारलेली, वेध घेणारी, खिळवून ठेवणारी. ही विशेषणं वाचकाने द्यायची असतात, तुम्ही आधीच वाटून टाकलीत तर त्याच्याकडे काय उरलं? 'मान्यवरांच्या मते'मध्ये मान्यवराला नाव नाही, म्हणजे ते मत तुमचंच धरलं जाणार. कोणी खरंच काही म्हणालं असेल तर त्यांना विचारून त्यांचं वाक्य त्यांच्या नावाने द्या, नाहीतर सोडा.

वाचनवेडी

सात वर्षं मात्र ठेवा असं मला वाटतं. ती बढाई नाही, हकीकत आहे. 'अथक परिश्रम' ही बढाई.

झटपट

सात वर्षं ऐकून मला तर वाटतं, लेखिका फारच सावकाश लिहिते. :)

मोजपट्टी

मला आधी हे सांगा, कागदपत्र न बघता निधनाची जाहिरात घेतात कशी? कोणीही उठून कोणाचीही देईल. हे पटत नाही.

कोरं पान

मोजपट्टी, हाच प्रश्न नलिनीलाही पडतो. प्रकरण चौथं.

जुना खिळा

बघा, मोजपट्टी यांनी नकळत चौथ्या प्रकरणापर्यंतचं वाचन सुरू केलं. मसुद्यातल्या एकाही विशेषणाने हे झालं नाही, 'जिवंत भावाच्या निधनाची जाहिरात' एवढ्या शब्दांनी झालं.

कोरं पान

रात्री पुन्हा लिहिलं:

> नलिनी एका दैनिकात निधनाच्या जाहिराती तपासते. नाव, वय, ऱ्हस्व-दीर्घ. एका दुपारी तिच्या टेबलावर आलेल्या जाहिरातीत नाव तिच्या भावाचं आहे. फोटोही त्याचाच, आणि अक्षर ओळखीचं. छापायची तारीख येत्या रविवारची. सकाळी ती कामाला निघाली तेव्हा भाऊ आरशासमोर दाढी करत होता.
>
> 'चौकटीतला मजकूर'. माझी पहिली कादंबरी, १५ तारखेपासून उपलब्ध.

वाचनवेडी

अंगावर आलं! 'ऱ्हस्व-दीर्घ' फार आवडलं. शेवटी 'नलिनी काय करेल?' असा प्रश्न हवा का?

झटपट

हवाच. प्रश्नाने वाचक अडकतो.

जुना खिळा

मी नाही टाकणार. दाढीच्या वाक्यानंतर तो प्रश्न वाचकाच्या तोंडात आलेलाच असतो. आपण तो मोठ्याने विचारला की शिकवणी वाटते. पण ही आवड झाली, झटपट यांचा मार्गही चालतो.

कोरं पान, आता एक करा. पुस्तकातलं काहीच माहीत नसलेल्या तिघांना हे वाचायला द्या. 'कसं वाटलं' विचारू नका, सगळे छानच म्हणतील. 'जाहिरात कोणी दिली असेल?' असं विचारा. तिघांची उत्तरं वेगवेगळी आली तर काम झालं. सगळे एकाच माणसावर आले आणि तोच खरा असेल, तर मजकुरात कुठेतरी भोक आहे.

कोरं पान

विचारलं. एकजण म्हणाला, ऑफिसातल्या कोणाची तरी चेष्टा. बाकी दोघींनी क्षणात सांगितलं, "भावानेच दिली असणार." मी हबकलेच. कशावरून, विचारलं तर दोघींनी एकाच शब्दावर बोट ठेवलं: अक्षर ओळखीचं.

जुना खिळा

मलाही ते काल दिसायला हवं होतं. बहिणीला कोणाचं अक्षर ओळखीचं असणार? तुम्ही लेखिका म्हणून ते वाक्य वातावरणासाठी लिहिलंत, पण वाचकाने पुरावा म्हणून उचललं. पुस्तकात अक्षराचं कधी येतं?

कोरं पान

पान ९० नंतर. मला इतकं पाठ आहे की कधी आत घुसलं ते कळलंच नाही. आता असं केलं:

> नलिनी एका दैनिकात निधनाच्या जाहिराती तपासते. नाव, वय, ऱ्हस्व-दीर्घ. एका दुपारी तिच्या टेबलावर आलेल्या जाहिरातीत नाव तिच्या भावाचं आहे. फोटोही त्याचाच. पैसे आगाऊ भरलेले, छापायची तारीख येत्या रविवारची. सकाळी ती कामाला निघाली तेव्हा भाऊ आरशासमोर दाढी करत होता.

नव्या तिघांना विचारलं. एक म्हणे शत्रू, एक म्हणे नलिनीचा भास, एकीने सांगितलं भाऊच.

जुना खिळा

तिघांत एकीने ओळखणं चालायचंच. एवढंही कोणाला सुचू नये असं करायला गेलात तर भाऊच काढावा लागेल. 'पैसे आगाऊ भरलेले' उत्तम, कारण कोणीतरी हे ठरवून केलंय एवढं कळतं, कोणी ते कळत नाही.

वाचनवेडी

'माझी पहिली कादंबरी' ठेवायचं का पण? मला गोड वाटतं. पण माझा भाऊ म्हणतो, 'पहिली' वाचलं की तो पुस्तक खाली ठेवतो.

झटपट

काढा. सवलत मागितल्यासारखं वाटतं.

जुना खिळा

ओळखीपाळखीत फिरवणार असाल तर ठेवा, त्या लोकांना तुम्ही लिहिता हेच कदाचित माहीत नसेल. अनोळखी वाचकांसाठी मीही घुटमळतो. 'पहिलीवहिली' मात्र नकोच.

कोरं पान

ठेवते सध्या. पण आत्ता एक भलतंच लक्षात आलं. मलपृष्ठाचा मजकूरही मीच दिला होता आणि त्यात 'ओळखीचं अक्षर' तसंच आहे. दोन महिन्यांपूर्वी मीच आनंदाने मंजूर केलं होतं.

जुना खिळा

छापून झालंय की फक्त कच्चं मुद्रित पाहिलंत? कच्चं असेल तर एक ओळ बदलणं अवघड नाही, पण आजच सांगा. छापून झालं असेल तर निदान घोषणेत ते येऊ देऊ नका. घोषणा वाचून पुस्तक हातात घेणारा मलपृष्ठ वाचेलच असं नाही.

कोरं पान

काल छपाईला गेलं म्हणतात. प्रकाशक फोन उचलत नाहीयेत. पुन्हा लावते.

आत्याबाई

समारंभ नाही म्हणता, मग पाहुण्यांचं काय ठरलं?