मदत हवी आहे: सांभा, कालिया आणि तक्त्यातले तीन रकाने

गिरगावकर_मंदा: आमच्या चाळीच्या गणेशोत्सवात जुन्या सिनेमांवर प्रश्नमंजुषा आहे. तक्त्यात भूमिका, पडद्यावरचं नाव आणि खरं नाव असे तीन रकाने केलेत. 'शोले'पाशी गाडं अडलंय. सांभासमोर मी विजू खोटे लिहिलं, तर शेजारच्या काकांनी ते खोडून मॅकमोहन केलं. नक्की कोण?

दादरचा_बंडू: काका बरोबर आहेत. मॅकमोहन हेच खरं नाव, ख्रिश्चन होते ते.

रीळवाला: सांभा मॅकमोहनच, पण खरं नाव मोहन माखिजानी, सिंधी कुटुंबातले, जन्म कराचीचा. मंदाताई, प्रसंग डोळ्यांसमोर आणा. खडकावर बंदूक घेऊन बसलेला, 'पूरे पचास हजार' म्हणणारा तो सांभा. खाली गब्बरपुढे तिघे उभे आहेत, त्यांतला 'सरदार, मैंने आपका नमक खाया है' म्हणणारा कालिया, म्हणजे विजू खोटे. दोन्ही डाकू एकाच प्रसंगात आहेत, म्हणून अदलाबदल होते.

नुसत्या श्रेयनामावलीवर विसंबू नका. त्या काळी बहुतेकदा नावं ओळीनं यायची, कोण कुठली भूमिका करतोय ते नसायचं. त्याच नटाचा दुसरा सिनेमा शोधून चेहरा ताडून बघा. विजू खोटे हवे असतील तर 'अंदाज अपना अपना'तला रॉबर्ट बघा, लगेच पटेल. मॅकमोहनच्या बाबतीत मात्र जपा. १९७८च्या 'डॉन'मध्ये त्यांच्या पात्राचंच नाव मॅक आहे. तिथे भूमिकेच्या रकान्यात मॅक आणि शेजारी मॅकमोहन असं येईल, ती चूक समजून खोडू नका.

ठाण्याची_सुमन: माझ्या सासूबाई अजून गुंड्याभाऊंची आठवण काढतात, दूरदर्शनवरचे. त्यांचं खरं नाव काय हो?

रीळवाला: सुमनताई, बाळ कर्वे. बाळ म्हणजे बाळकृष्ण. चिमणराव दिलीप प्रभावळकर.

गिरगावकर_मंदा: मग सूरमा भोपालीसमोर जगदीप लिहून भागेल ना? तेच त्यांचं नाव.

रीळवाला: नाही, ते पडद्यावरचं. खरं सैयद इश्तियाक अहमद जाफरी. त्यांनी पुढे 'सूरमा भोपाली' याच नावाचा सिनेमाही काढला, त्यामुळे पात्राचं नाव त्यांना कायमचं चिकटलं.

दादरचा_बंडू: माझं चुकलं, माखिजानी माहीत नव्हतं. मॅक हे आडनावावरूनच आलं असणार.

रीळवाला: शक्य आहे, पण तक्त्यात तसं लिहू नका.

गिरगावकर_मंदा: दुरुस्त केलं, काकांनाही सांगितलं. विजू हे लाडकं नाव वाटतं, शुभा खोटेंचे भाऊ ना ते? कागदोपत्री नाव कुणाला ठाऊक असेल तर सांगा, तोवर तो रकाना मोकळाच ठेवते.