एकाच रानाचे दोन नमुने, स्फुरद 19 आणि 61. चूक कुणाची?

उसवाला (निपाणी): मातीचे दोन नमुने एकाच प्रयोगशाळेत दिले होते. स्फुरद एकाचं हेक्टरी 19 किलो आलं, दुसऱ्याचं 61. रान तेच, मालक मीच. तिथल्या रसायनतज्ज्ञांनी पत्र धाडलंय, ते खाली देतो. पटतंय का सांगा.

> स.न.वि.वि. 61 वाल्या पिशवीत उरलेली माती नीट मिसळून आम्ही दोनदा पुन्हा तपासली. 58 आणि 64 आले. यंत्राचा किंवा द्रावणाचा घोटाळा असता तर आकडे असे जवळ आले नसते. तुमच्या अर्जावर लिहिलंय की एक नमुना वरंब्यावरचा, दुसरा सरीतला, आणि डीएपी तीन आठवड्यांपूर्वी सरीत दिलं. स्फुरद पडल्या जागेवरून फारसं हलत नाही. डीएपीच्या मध्यम दाण्याचं वजन 20-25 मिलिग्रॅम, त्यात 46 टक्के स्फुरद, म्हणजे साधारण 10 मिलिग्रॅम. असा एकच दाणा अर्धा किलो मातीत विरला तरी अहवालात हेक्टरी 45 किलोपर्यंत वाढ दिसू शकते. तुमच्या पिशवीत दाणाच होता असं मी म्हणत नाही, पण फरक एवढ्यानंही पडतो. ऊस तुटल्यावर, खत देण्याआधी नमुना पुन्हा घ्या.

चिकोडीचा पाटील: ही पळवाट आहे. माती घेताना चुकलो तर आम्ही, मशीन चुकलं तरी आम्हीच. सरासरी काढा, 40 धरा आणि मोकळे व्हा.

मृदावाली ताई: दादा, 40 धरून चालणार नाही. सरी आणि वरंब्याची जागा समान कुठे असते? आणि सरीतला आकडा ताज्या खताचा आहे, जमिनीचा नव्हे. फेरतपासणीबद्दल मात्र तुमचा संशय रास्त आहे. ती एकाच पिशवीतली. त्यावरून तपासणी एकसारखी झाली एवढंच कळतं, पिशवीतली माती रानाची खरी प्रतिनिधी होती का ते नाही कळत. दहा-पंधरा ठिकाणी वीतभर खोल माती काढायची, बांध आणि उकिरडा टाळायचा, सगळी मिसळून अर्धा किलो ठेवायची.

खानापूरकर: आमच्याकडं भाताला सामू 5 आला होता. चुना टाकू का?

मृदावाली ताई: वेगळा धागा काढा हो. इथं स्फुरदाचं चाललंय.

उसवाला: ताई, खोडवा ठेवणार आहे. सरी-वरंबे तेच, खताचा पट्टा तोच. मग ऊस तुटल्यावर घेतला तरी काय फरक?

मृदावाली ताई: मुद्दा खरा आहे. खोडव्यात सरीचा आणि वरंब्याचा नमुना वेगळा द्या आणि पिशवीवर तसं लिहा. शिफारस कोणत्या आकड्यावर बांधायची यावर माझ्याच दोन सहकाऱ्यांत वाद आहे. मी वरंब्याकडं झुकते.

चिकोडीचा पाटील: म्हणजे खत जास्त! दुकानदार खूश.