मदत हवी आहे: फराळाच्या ऑर्डर लांबल्या, गिऱ्हाइकांना माफीचा मेसेज कसा लिहू?

गौरी_डोंबिवली (गुरुवार, 16 ऑक्टोबर 2025, रात्री)

मी घरून दिवाळी फराळाच्या ऑर्डर घेते. उद्या वसुबारसेला सगळे डबे पोचवायचं कबूल केलंय. डोंबिवली-कल्याणचे 38 आणि पुण्याचे 14. लाडू, चिवडा, शेव, शंकरपाळे तयार आहेत, घोडं अडलंय चकलीवर. भाजणीचं धान्य भाजून ठेवलं आणि नेहमीच्या गिरणीची मोटर जळाली. जवळची दुसरी गिरणी मसाला कांडपाची आहे, तिथे दळलं तर चकलीला तिखटाचा वास लागतो. गिरणीवाले म्हणतात मोटर बसली, उद्या संध्याकाळी पीठ मिळेल. म्हणजे शनिवार-रविवार तळणी.

मेसेज असा लिहिलाय:

"सप्रेम नमस्कार. काही अपरिहार्य तांत्रिक कारणांमुळे आपल्या ऑर्डरला किंचित विलंब होत आहे. लवकरात लवकर डिलिव्हरी देण्याचा आमचा प्रयत्न राहील. आपल्या गैरसोयीबद्दल दिलगीर आहोत. पुढील ऑर्डरवर 10 टक्के सूट! आपले सहकार्य अपेक्षित. शुभ दीपावली!"

नवऱ्याला दाखवला, तो म्हणाला लाइटबिलाच्या नोटिशीसारखा वाटतो. कसा सुधारू?

स्वयंपाकघरातली_मावशी

अगं, भाजणी जास्त भाजली गेली की चकली हसते, तेलात विरघळते. पीठ आलं की आधी एकच तळून बघ. मोहन कमी घाल.

गौरी_डोंबिवली

मावशी, चकली माझी जमते हो, पीठच अजून आलेलं नाही. प्रश्न मेसेजचा आहे.

राहुल_ठाणे

कारण वगैरे सांगू नका. गिऱ्हाइकाला गिरणीशी काय देणंघेणं? तारीख सांगा आणि 10 ऐवजी 20 टक्के सूट द्या, लोक खूश होतात. आणि सगळ्यांना एकच ब्रॉडकास्ट टाका, पाच मिनिटांत काम संपतं.

नानाकाका_मिठाईवाले

मी बरीच वर्षं मिठाईच्या दुकानात काढली आहेत, म्हणून जरा सविस्तर लिहितो.

राहुलराव तारखेचं बरोबर बोलले, बाकीचं पटलं नाही. गौरी, "अपरिहार्य कारणांमुळे" वाचलं की गिऱ्हाईक मनात म्हणतं, हिने झेपतील त्यापेक्षा जास्त ऑर्डर घेतल्या. गिरणी बंद पडली हे एका ओळीत सांग, विषय संपतो. गिरणीचं नाव नको, मोटरची कहाणी नको.

पुढच्या ऑर्डरवर सूट म्हणजे परत खरेदी करा तेव्हा देऊ. ज्याचा डबा अडकलाय त्याला आत्ता काहीतरी मिळायला हवं. डिलिव्हरीचे किती घेतेस?

गौरी_डोंबिवली

60 रुपये. पूर्ण डबा 1650 चा आहे, त्यात चकली अर्धा किलो, 260 ची.

नानाकाका_मिठाईवाले

मग ते 60 परत कर. डोंबिवली-कल्याणचे मिळून 2280 रुपये जातील. दोन फेऱ्यांचा खर्च वेगळा, तो सोसावा लागेल. पण तयार माल चकलीसाठी अडवून ठेवू नकोस, तो उद्या कबूल केल्याप्रमाणे जाऊ दे. निम्म्याहून जास्त डबा हातात पडला की माणूस अर्धा शांत होतो. करंज्या आहेत का डब्यात? ओल्या नारळाच्या असतील तर त्या मात्र थांबवून ठेवता येत नाहीत.

आता तारीख. तुझा हिशोब रविवारी दुपारचा असेल तर रविवार रात्र लिही. सोमवारी 20 ला पहाटे अभ्यंगस्नान, त्यानंतर फराळाचं ताट. रविवार चुकला तर पुढची कुठलीही तारीख गिऱ्हाइकाच्या कामाची नाही, आणि एकदा दिलेली नवी तारीख हुकली की माफीला किंमत राहत नाही.

मीरा_एडिसन

माझंही असंच झालंय. यंदा ऑगस्टपासून भारतीय टपाल खात्याने अमेरिकेची पार्सलं बंद ठेवली होती, कालपासून, म्हणजे 15 तारखेपासून परत सुरू झाली म्हणे. सासूबाईंनी फराळ आता टाकला तर भाऊबीजेपर्यंत मिळेल का? 23 ला आहे.

राहुल_ठाणे

मीराताई, अवघड दिसतं. वेगळा धागा काढा.

काका, माझं ब्रॉडकास्टचं तरी चालेल ना?

नानाकाका_मिठाईवाले

व्हॉट्सअ‍ॅपचा ब्रॉडकास्ट ज्यांनी तुमचा नंबर सेव्ह केलाय त्यांनाच पोचतो. नव्या गिऱ्हाइकांनी हमखास केलेला नसतो, आणि ओरडतात तेच. त्यांना एकेक करून पाठवा, निळी खूण नाही दिसली तर फोन करा.

शिवाय एकच मेसेज इथे चालणारच नाही. गौरी, पुण्याचा माल कसा जातो?

गौरी_डोंबिवली

ट्रॅव्हल्सच्या बसने भावाकडे, तो वाटतो. चकली रविवारी रात्री निघाली तर सोमवारी दुपारनंतरच घरोघरी जाईल.

नानाकाका_मिठाईवाले

म्हणजे पुणेकरांना सोमवारच्या सकाळी चकली नाही. हे त्यांना स्पष्ट सांग. "थोडा उशीर" लिहिलंस आणि सकाळी ताटात चकली नसली की तुझा फोन वाजेल. डोंबिवलीकरांसाठी हा घे:

"नमस्कार. तुमच्या फराळातली चकली उद्या शुक्रवारी देता येणार नाही, माफ करा. भाजणी दळणारी गिरणी बंद पडली होती. लाडू, चिवडा, शेव, शंकरपाळे ठरल्याप्रमाणे उद्याच येतील. चकली रविवारी 19 तारखेला रात्री 9 पर्यंत घरी पोचेल. डिलिव्हरीचे 60 रुपये आज तुम्ही पाठवले त्याच खात्यावर परत करते. त्यासाठी लिंक येणार नाही, पिन टाकावा लागणार नाही. चकली नको असेल तर उद्या दुपारी 12 पर्यंत फक्त 'नको' लिहा, तिचे 260 रुपयेही परत करीन. – गौरी"

पुण्यासाठी तारखेचं वाक्य बदल: "चकली सोमवारी 20 ला संध्याकाळपर्यंत पोचेल, म्हणजे अभ्यंगस्नानानंतरच्या फराळाला नसेल, लक्ष्मीपूजनाला असेल." शुभ दीपावली शेवटी नको, ती डब्यावरच्या चिठ्ठीत लिही.

स्वयंपाकघरातली_मावशी

पिनचं बरं लिहिलंत. पैसे परत येताना पिन लागत नाही हे आमच्या सोसायटीत अजून निम्म्यांना ठाऊक नाही, लिंक दिसली की घाबरतात.

राहुल_ठाणे

60 रुपयांनी काय होतंय? उटण्याची पुडी घाला, सणाचं वाटेल.

गौरी_डोंबिवली

उटणं आवडलं, पण ते सोमवारी पहाटे लागणार. डोंबिवलीच्या डब्यात उद्या घालते, 60 रुपयांच्या जोडीला. पुण्यालाही उद्याच्या बसने लाडू-चिवड्याबरोबर जाईल.

मेसेज गेले. 7 जणांना पोचलेच नव्हते, त्यांना फोन केले. पुण्याच्या एका काकूंनी विचारलं, "पुण्यातल्याच दुसऱ्या कुणाकडून घेऊन सोमवारी सकाळी पोचवशील का?" भाऊ तयार आहे, पण ती चकली माझी नाही. सांगून द्यावी का?

नानाकाका_मिठाईवाले

सांगून दे, पैसे तेवढेच घे. पण मी असतो तर दिली नसती.

स्वयंपाकघरातली_मावशी

मी असते तर दिली असती. सणाला ताट पूर्ण हवं.