मंडळाचं खातं भरलं, पण फायली मोजक्याच

प्रेषक: मृणाल (सचिव)
विषय: मंडळाच्या खात्यात जागा संपली

नमस्कार मंडळी,

संक्रांतीसाठी हॉल घेतलाय त्या शाळेनं पाठवलेलं बिल आपल्याला मिळालंच नाही. मेल परत गेली असं त्यांनी फोन करून सांगितलं. मंडळाचं जीमेल उघडलं तर १५ जीबीपैकी १५ जीबी भरलेत म्हणून इशारा.

ड्राइव्हमध्ये सभासदांची यादी, हिशेब, मंडळाची घटना, कार्यकारिणीची इतिवृत्तं आणि दिवाळी अंकांच्या पीडीएफ, एवढंच आहे. एकेक फाईल पाहून बेरीज केली तर ६०० एमबी होतात. इनबॉक्समध्ये चाळीसच मेल आहेत. मग बाकीचं काय आहे आणि कुठे आहे? सोमवारी संक्रांतीची नोंदणी उघडायची आहे. सभासदांचे अर्ज असे परत जायला लागले तर फार वाईट होईल.

मृणाल

---

प्रेषक: अविनाश

मृणाल,

ट्रॅश तीस दिवसांनी आपोआप रिकामा होतो. फायलींच्या जुन्या आवृत्त्याही तशाच जातात. त्यामुळे त्या दोन्हींकडे बघायची गरज नाही. मेलमध्येही काही सापडणार नाही, कारण मी कोषाध्यक्ष होतो तेव्हा दर महिन्याला थंडरबर्डमधून इनबॉक्स साफ करत असे.

माझ्या मते गणपतीच्या फोल्डरमुळे झालं असावं. त्यात सगळ्यांनी आरतीचे आणि मिरवणुकीचे व्हिडिओ टाकलेत. ते फोल्डर काढून टाक, जागा होईल.

अविनाशकाका

---

प्रेषक: स्मिता

माझ्याही फोनवर आठवडाभर हेच येतंय! नातवाचे निम्मे फोटो काढले तरी जागा संपली म्हणतोय. मंडळाच्या ग्रुपवरचे फोटो बंद केले तर फरक पडेल का?

---

प्रेषक: केदार

स्मिताताई, फोनची जागा आणि गूगल खात्याची जागा वेगळी. तुमचा इशारा नक्की कशाबद्दल आहे ते आधी वाचा. खात्याबद्दल असेल आणि फोन अँड्रॉइड असेल, तर व्हॉट्सॲपचा बॅकअपही बघा. २०२४ पासून तोही त्याच १५ जीबीत मोजला जातो. रविवारी फोन घेऊन या, बघू.

अविनाशकाका, गणपतीचं फोल्डर कृपया कुणी काढू नका. जागा फाईलच्या मालकाच्या खात्यातून जाते, फोल्डर कुणाचं आहे यावर ते ठरत नाही. व्हिडिओ ज्यांनी चढवले त्यांच्याच खात्यात ते मोजले जातात. फोल्डर काढलं तर मंडळाच्या खात्यात काहीच मोकळं होणार नाही, आणि लोकांचे व्हिडिओ मात्र विखुरतील.

काल मृणालताईंकडे बसून सगळं पाहिलं. `one.google.com/storage` वर वाटणी दिसते: जीमेल ९.६ जीबी, ड्राइव्ह ४.६, फोटो ०.८. म्हणजे दोन तृतीयांश जागा मेलनंच खाल्लीय.

काका, तुम्ही मेल काढत होतात हे खरं आहे, पण त्या गेल्या नाहीत. थंडरबर्डमध्ये `Remove it immediately` निवडलेलं होतं. अशी मेल इनबॉक्समधून काढली की जीमेल ती ट्रॅशमध्ये न टाकता `All Mail` मध्ये ठेवून देतं, कारण जीमेलच्या सेटिंगमध्ये मुळात तसंच ठरवलेलं असतं. इनबॉक्स रिकामा दिसतो, मेल अटॅचमेंटसकट तिथेच असते. जीमेलच्या शोधपट्टीत हे टाकलं:

```
has:attachment larger:10M
```

तर ४१० मेल निघाल्या. दिवाळी अंकासाठी आलेले फोटो, जाहिरातींचे आराखडे, नाटकांच्या तालमींचे तुकडे. सगळं मिळून सुमारे ६ जीबी. मेल ठेवून नुसती अटॅचमेंट काढायची सोय जीमेलमध्ये नाही, अख्खी मेलच काढावी लागते. आणि अटॅचमेंट ड्राइव्हवर साठवून मेलही ठेवली, तर तीच फाईल दोनदा मोजली जाते.

ट्रॅशचं तुमचं म्हणणं निम्मं बरोबर आहे. तीस दिवसांनी तो रिकामा होतो, पण तोवर त्यातली फाईल जागा अडवूनच बसते. शुभांगीनं गेल्या आठवड्यात जुन्या कार्यक्रमांची चित्रीकरणं काढली, ती १.९ जीबी अजून ड्राइव्हच्या ट्रॅशमध्ये आहेत. जीमेलचा ट्रॅश आणखी वेगळा, तो वेगळा रिकामा करावा लागतो.

आवृत्त्यांनी मात्र मलाही चकवलं. यंदाच्या दिवाळी अंकाच्या पीडीएफचा तपशील उघडला, तर `Size` समोर ८५ एमबी आणि `Storage used` समोर जवळजवळ १.८ जीबी. एकाच फाईलचे हे दोन आकडे इतके लांब दिसले, की आत जुन्या आवृत्त्या दडल्यात असं समजायचं. `Manage versions` मध्ये वीस जुन्या आवृत्त्या होत्या आणि प्रत्येकीवर `Keep forever` ची खूण. साध्या आवृत्त्या तीस दिवसांनी जाऊ शकतात, पण खूण केलेली जात नाही.

मी अजून काहीही काढलेलं नाही. त्या खुणा कुणी केल्या आणि का, ते आधी कळू दे.

केदार

---

प्रेषक: शुभांगी (दिवाळी अंक)

खुणा मी केल्या. एकदा दुरुस्त केलेली कविता पुढच्या मुद्रितात पुन्हा जुनीच आली होती. कुठल्या प्रतीत काय बदललं ते शोधता यावं म्हणून प्रत्येक मुद्रित राखून ठेवलं. अंक छापून झाला, आता जुन्या वीसही काढल्या तरी चालतील. ट्रॅशमधली चित्रीकरणं माझ्या बाहेरच्या डिस्कवर आहेत, उघडून तपासली आहेत.

मेलना मात्र हात लावू नका. अंकासाठी लोकांनी स्कॅन करून पाठवलेले जुने फोटो त्यातच आहेत. काहींच्या घरी आता मूळ प्रतही उरलेली नाही.

---

प्रेषक: मृणाल

शुभांगी, बरं झालं वेळेवर सांगितलंस.

आज ट्रॅश रिकामा केला आणि अंकाच्या जुन्या आवृत्त्या काढल्या. आकडा लगेच हलला नाही, म्हणून पुन्हा पुन्हा पान उघडत बसले होते. संध्याकाळी ११.४ जीबी दिसले. हॉलचं बिल परत मागवलं, ते आलं. नोंदणी सोमवारी उघडते आहे.

माझी बेरीज अजून पुरती जुळत नाही. ड्राइव्हमध्ये दिसणाऱ्या फायली ०.६, ट्रॅश १.९, जुन्या आवृत्त्या १.७, म्हणजे ४.२. पण ड्राइव्हचा आकडा ४.६ होता. केदार, उरलेले ०.४ कुठे?

---

प्रेषक: केदार

त्यातले १५० एमबी सापडले. ड्राइव्हच्या शोधपट्टीत `is:unorganized owner:me` टाकलं की कुठल्याच फोल्डरमध्ये नसलेल्या, पण आपल्या मालकीच्या फायली दिसतात. कुणाच्या तरी फोल्डरमध्ये मंडळाच्या खात्यातून टाकलेल्या आणि ते फोल्डर गेल्यावर मागे राहिलेल्या असाव्यात. बहुतेक जुन्या जाहिराती आहेत. उरलेल्या २५० एमबींचा पत्ता नाही. ड्राइव्हच्या सेटिंगमध्ये `Manage apps` खाली ॲप्सचा लपलेला डेटा असतो, तो अजून पाहायचा आहे.

मेलचं असं करू. त्या ४१० मेलना मी `फोटो-तपासणी` असं लेबल लावलंय. फोटो उतरवून दोन डिस्कवर ठेवू, आणि दोन्हींवर ते उघडतात हे पाहिल्यावरच मेल काढू. एक डिस्क माझ्याकडे राहील. दुसरी कुणाकडे?

---

प्रेषक: अविनाश

दुसरी माझ्याकडे दे. आणि थंडरबर्डचं ते सेटिंग रविवारी माझ्यासमोर बदलून दे. माझ्या स्वतःच्या खात्यातही मी इतकी वर्षं मेल अशाच काढत आलोय.

त्या फोटोंत आपल्या पहिल्या गणपतीचे आहेत. मागच्या रांगेतल्या दोघांची नावं मलाही आठवत नाहीत. ज्यांना आठवत असतील त्यांनी फाईलच्या नावातच लिहून ठेवा.