डेअरीचं ॲप फोन घेईना. दोष कुणाचा?

अकोळचा गडी: आमच्या डेअरीत फॅट, लिटर आणि बिल बघायला नवं ॲप केलंय. ऑपरेटरनं व्हॉट्सॲपवर ॲप बसवायची फाइल, एपीके, पाठवली. अननोन सोर्सची परवानगी दिली तरी फोन "App blocked to protect your device" म्हणतो, खाली नुसतं ओके. काय करू?

निपाणीकर: प्ले स्टोअर उघड, प्रोफाइलच्या चित्रावर दाब, प्ले प्रोटेक्ट, स्कॅनिंग बंद. विषय संपला. फोन आपल्या पैशाचा, त्यात काय घालायचं ते कंपनीनं का ठरवावं?

खानापूरची सून: असलं सांगू नका हो दादा. आमच्या भावजींना गाडीच्या दंडाचं चलन म्हणून एपीके आली होती. टाकली, आणि रात्री ओटीपीचे मेसेज त्यांच्याआधी दुसऱ्यानंच वाचले. खातं मोकळं. बाहेरची फाइल म्हणजे नकोच.

चिकोडी रिपेरी: दोघंही एका टोकाला गेलात. ती परवानगी ॲपला नसतेच, फाइल आणणाऱ्याला असते. अँड्रॉइड 8 पासून व्हॉट्सॲपला वेगळी, क्रोमला वेगळी. "Install unknown apps" मध्ये व्हॉट्सॲप चालू ठेवलंत, तर उद्या चलनाची फाइलही त्याच दारातून येणार. काम झालं की बंद करा.
प्ले प्रोटेक्टचं वेगळं. कधी तो नुसतं म्हणतो, हे ॲप पूर्वी पाहिलं नाही, स्कॅन करू का? नव्या ॲपला तसं येतंच, त्यात घाबरण्यासारखं नाही. तुमचा निरोप तो नव्हे. मेसेज वाचणं, नोटिफिकेशन बघणं किंवा ॲक्सेसिबिलिटी मागणारं ॲप व्हॉट्सॲप, ब्राउजर नाहीतर फाइल मॅनेजरमधून आलं, की तो सरळ अडवतो. ॲप चोर आहे असं त्यानं सिद्ध केलेलं नसतं. एवढं मागतंय आणि बाहेरून आलंय, एवढ्यावरच अडवतो.

गडहिंग्लज पाव्हणं: माझ्याकडं पण ॲप बसत नाही. स्टोरेज फुल म्हणतंय. फोटो उडवू का?

चिकोडी रिपेरी: पाव्हणं, तुमचं दुखणं वेगळं. उडवा.

अकोळचा गडी: ऑपरेटरला फोन केला. लॉगिनचा ओटीपी आपोआप भरावा म्हणून मेसेज वाचायची परवानगी घातलीय म्हणे.

चिकोडी रिपेरी: सापडलं की! ओटीपी हातानं टाईप करायला लावा म्हणावं, नाहीतर ओटीपी आपोआप भरायची गूगलची सोय, एसएमएस रिट्रीव्हर, वापरा. त्याला ती परवानगी लागतच नाही. ॲपच्या परवानग्यांच्या यादीतल्या READ_SMS आणि RECEIVE_SMS ह्या दोन ओळी काढून नवी फाइल द्या.

निपाणीकर: म्हणजे चूक डेअरीची नाही आणि पळापळ मात्र तिनंच करायची? वा.

खानापूरची सून: दूध मोजायला मेसेज कशाला लागतात, ते आधी सांगा की. आणि प्ले स्टोअरवर का टाकत नाहीत?

निपाणीकर: खात्याला 25 डॉलर लागतात, वर तपासण्या. गावची डेअरी आहे ती, बँक नव्हे.

अकोळचा गडी: सकाळी नवी फाइल आली. ह्या वेळी "स्कॅन करू का" एवढंच विचारलं, मग बसलं. व्हॉट्सॲपची परवानगी बंद केली. कालच्या दुधाला फॅट 3.8 दाखवतंय, पावतीवर 4.1 आहे. आता ह्याचं काय?