आधी अटी, मग भेट

> «समोरचा जरा बरा वाटला की मी सगळ्यालाच हो म्हणते. लग्नासाठी मुलाला भेटायच्या आधी नक्की काय ठरवू?»

प्रत्येक अटीला एकच प्रश्न विचारा: बाकी सगळं मनासारखं असेल, तरी एवढ्यासाठी मी नाही म्हणेन का? भुसावळच्या माझ्या मावसबहिणीची यादी लांबलचक होती. उंची, पुण्यात फ्लॅट, तिखट शेवभाजी पचवणारा (हे मात्र मला पटलेलं!). या प्रश्नापुढे दोनच अटी टिकल्या: दारू नको, आणि पगारातला वाटा लग्नानंतरही आईला जाणार. «आदर करणारा हवा» हे तिनं खोडलं, कारण तसं सगळेच म्हणतात. त्याऐवजी तो हॉटेलातल्या पोऱ्याशी कसा बोलतो, हे बघायचं ठरवलं.

एका स्थळाच्या दुसऱ्या भेटीत चहा पिताना ती मुलाला सहज म्हणाली, «माझ्या पगारातून आईचं घर चालतं, पुढेही चालेल. तुमच्याकडे कसं आहे?» शेवटचा प्रश्न महत्त्वाचा, नाहीतर ती ताकीद वाटते. तो म्हणाला, «बघू पुढे.» तिनं पुढच्या भेटीत पुन्हा एकदा विचारलं, पुन्हा तेच. मग तिनं स्थळ सोडलं. घरचे आठवडाभर कुरकुरले. «लग्नानंतर बदलेल तो» असं आपणच स्वतःला समजावू लागलो, की अट सुटायला लागली समजा.