‘पूअर मेटाबोलायझर’ला मराठीत काय म्हणावं?

लेखणी
औषधांसाठीच्या जनुक तपासणीनंतर रुग्णाच्या हातात द्यायचं दोन पानी माहितीपत्रक मी मराठीत आणते आहे. मूळ मजकुरात शरीर औषध कितपत बदलतं यावरून माणसांचे चार गट आहेत : पूअर, इंटरमीजिएट, नॉर्मल आणि अल्ट्रारॅपिड मेटाबोलायझर. मी पहिल्या खेपेला ‘मंद चयापचयी’, ‘मध्यम’, ‘सामान्य’ आणि ‘अतिजलद चयापचयी’ असं लिहिलं. मग तो कागद ओळखीतल्या एका काकूंना वाचायला दिला. शास्त्राशी त्यांचा काही संबंध नाही. त्यांनी ‘कोडीन’ या वेदनाशामकाचा परिच्छेद वाचला आणि म्हणाल्या, “म्हणजे माझं शरीर मंद असेल तर गोळी अंगात जास्त वेळ राहील, अर्धीच पुरेल.” खाली त्याच गटासाठी ‘हे औषध घेऊ नये, गुण येणार नाही’ असं लिहिलेलं होतं. काकूंचा तर्क शब्दाला धरून होता, चूक माझ्या शब्दाची आहे. काय लिहू?

अवलोकिता
मला ‘मंद’मध्ये काही चूक दिसत नाही. औषध बदलणारं विकर, म्हणजे एन्झाइम, नीट काम करत नसेल तर औषध लवकर निघून जात नाही, रक्तात साठतं आणि मात्रा कमी करावी लागते. ‘अतिजलद’ म्हणजे औषध झटपट संपतं, मात्रा वाढवावी लागते. नैराश्यावरच्या जुन्या औषधांबद्दल, उदाहरणार्थ नॉरट्रिप्टिलीनबद्दल, हेच वाचलं होतं. काकूंना कोडीनचा अपवाद तळटीपेत सांगा, शब्द बदलू नका.

मनमौजी
माझंही चयापचय मंदच आहे. थोडं खाल्लं तरी वजन वाढतं, थायरॉइडची गोळी चालू आहे. मग मला सगळीच औषधं अर्ध्या मात्रेत घ्यायला हवीत का? डॉक्टर हे कधी बोलले नाहीत.

लेखणी
मनमौजी, वजनाचा याच्याशी संबंध नाही, कृपया कुठलीही मात्रा स्वतःहून बदलू नका. पण तुमच्या प्रश्नाने माझी अडचण आणखी स्पष्ट झाली. ‘चयापचय’ म्हटलं की लोकांच्या डोळ्यांपुढे वजन आणि भूक येते. पत्रक वाचणाऱ्या दहा जणांतल्या दोघांचा तरी असाच गैरसमज होईल.

रसशाळा
अवलोकिता, नॉरट्रिप्टिलीनपुरतं तुमचं बरोबर आहे. त्या औषधात गोळीतलं रसायन स्वतःच काम करतं आणि विकर ते मोडतं. विकर नसेल तर ते साठतं. सुरुवातीची मात्रा निम्म्यावर आणणं किंवा दुसरं औषध निवडणं, हाच तिथला सल्ला आहे. कोडीनची गोष्ट उलटी आहे. गोळीतलं कोडीन वेदनेवर जवळजवळ काहीच करत नाही. यकृतातलं विकर, जे CYP2D6 असं लिहितात आणि ज्याला आम्ही बोलताना सिप टू-डी-सिक्स म्हणतो, ते त्यातला थोडा भाग मॉर्फीनमध्ये बदलतं. हा भाग साधारण दहावा हिस्सा, बहुधा त्याहूनही कमी. म्हणजे तीस मिलिग्रॅमच्या गोळीतून फार तर तीन मिलिग्रॅम मॉर्फीन. वेदना कमी करतं ते हेच.

विकरच नसेल तर मॉर्फीन तयारच होत नाही. अशा माणसाला दोन गोळ्या द्या, तीन द्या, वेदना तिथेच. कोडीनचे मळमळ-बद्धकोष्ठाचे त्रास मात्र होऊ शकतात. उलट विकर गरजेहून जास्त असेल तर त्याच गोळीतून मॉर्फीन जास्त आणि लवकर तयार होतं. पेशंट अतिशय झोपाळू होतो, बाहुल्या टाचणीच्या टोकाएवढ्या होतात आणि श्वास उथळ होऊ लागतो. टॉन्सिलच्या शस्त्रक्रियेनंतर कोडीन दिलेल्या मुलांचे असे मृत्यू झाल्यावर अमेरिकेच्या एफडीएने २०१३ मध्ये सर्वांत कडक इशारा छापायला लावला आणि २०१७ मध्ये बारा वर्षांखालच्या मुलांना कोडीन देणं निषिद्ध ठरवलं.

तेव्हा तळटीप पुरणार नाही. अतिजलद गटाला ‘औषध लवकर संपतं, मात्रा वाढवा’ असा अर्थ लागला तर जिवावर बेतेल.

जुनाजाणता
शब्दाच्या अंगाने पाहू. ‘चय’ म्हणजे साठवण, रचणं. ‘अपचय’ म्हणजे झीज, मोडणं. अन्नाच्या बाबतीत दोन्ही घडतं, म्हणून जोडशब्द शोभतो. औषधाच्या बाबतीत विकर रचतही नाही आणि नेहमी मोडतही नाही. कोडीनला तर ते कामाला लावतं. इथे नेमका शब्द ‘रूपांतर’ आहे. ‘रूपांतर होत नाही’ म्हटलं की पुढे काय घडेल ते वाचक आधीच गृहीत धरत नाही. गोळीतलं मूळ रसायन कामाचं की रूपांतरानंतरचं, हे तो विचारेल. ‘मंद’ हा शब्द मात्र उत्तर आधीच देऊन टाकतो.

शिवाय ‘पूअर’ला ‘मंद’ कसं? ‘मंद’ गतीचा शब्द आहे. आणि ‘दुर्बल’ वगैरे कुणी सुचवत असेल तर तो माणसाचा कमीपणा वाटतो.

रसशाळा
‘रूपांतर’ मला पटलं. ‘पूअर’ हा शब्द कुठून आला तेही सांगतो, कारण घोळाचं मूळ तिथेच आहे. १९७० च्या दशकात लंडनच्या सेंट मेरीज हॉस्पिटलमध्ये रॉबर्ट स्मिथ हे संशोधक डेब्रिसोक्वीन नावाच्या रक्तदाबाच्या औषधावर काम करत होते. प्रयोगासाठी त्यांनी स्वतः ते घेतलं आणि त्यांचा रक्तदाब इतका उतरला की ते कोसळले. सोबत औषध घेतलेल्या सहकाऱ्यांना तसं झालं नाही. लघवी तपासली तर स्मिथ यांच्या शरीरातून औषध जवळपास न बदलता बाहेर पडलेलं. डेब्रिसोक्वीन स्वतःच कामाचं औषध, म्हणून रूपांतर नाही तर परिणाम जास्त. शब्द त्या अनुभवातून जन्मला आणि पुढे कोडीनसारख्या औषधांनाही तोच लागला. अवलोकिता यांनी मांडलेला अर्थ हा त्या जन्मखुणेचा अर्थ आहे.

सायली
मी पेशंट म्हणून लिहिते. अक्कलदाढ काढल्यावर मला कोडीन आणि पॅरासिटामॉलची एकत्र गोळी दिली होती. थोडा आराम पडायचा, पण ठणका जायचा नाही. मी पुन्हा पुन्हा सांगितलं तर “तुम्हाला वेदना सोसतच नाहीत” असं ऐकावं लागलं. ते शब्द अजून लागतात. नंतर दुसऱ्या कारणाने ही जनुक तपासणी झाली. अहवालात अशी ओळ होती :

```
CYP2D6  *1/*2   Normal Metabolizer
```

म्हणजे मी ‘सामान्य’! मग ती गोळी का चालली नाही? तेव्हा माझी पॅरॉक्सेटीन ही नैराश्यावरची गोळी चालू होती, एवढंच वेगळं आठवतं.

रसशाळा
सायली, तुमच्या शेवटच्या वाक्यात उत्तर असण्याची बरीच शक्यता आहे. अहवालातल्या दोन तारांकित खुणा म्हणजे आई-वडिलांकडून आलेल्या जनुकाच्या दोन आवृत्त्या. प्रत्येकीला कामाप्रमाणे गुण देतात. `*1` ला एक, `*2` ला एक, म्हणून तुमची बेरीज दोन. ती नेहमीच्या गटात बसते. `*4` ला शून्य, तेव्हा `*4/*4` म्हणजे शून्य आणि तो माणूस पूअर. चालू असलेल्या आवृत्तीच्या जादा प्रती असल्या तर बेरीज सव्वादोनच्या वर जाते आणि तो अल्ट्रारॅपिड.

पण पॅरॉक्सेटीन याच विकराला घट्ट धरून बसतं आणि त्याचं काम जवळजवळ थांबवतं. मग जनुकाची बेरीज दोन असली तरी प्रत्यक्षात हिशेब शून्यावर येतो. तुम्हाला जो थोडा आराम पडला तो बहुधा पॅरासिटामॉलचा. फ्लुऑक्सेटीनचंही असंच होतं. जनुक तपासणीला हे दिसत नाही, ते औषधांची यादी विचारूनच कळतं. तुम्ही वेदना वाढवून सांगत नव्हता.

पॅरॉक्सेटीन अजून चालू असेल तर यासाठी ते थांबवू नका. पुढच्या वेळी यादी दाखवा. अशा वेळी ट्रॅमाडॉल देऊनही प्रश्न सुटत नाही. त्याचाही वेदनाशामक भाग बराचसा याच विकरातून तयार होतो, शिवाय पॅरॉक्सेटीनबरोबर त्याचा वेगळा धोका आहे. मॉर्फीनला या विकराची गरज नसते.

सायली
चालू आहे. यादी लिहून पाकिटात ठेवते. हे वाचून बरं वाटलं, खरंच.

लेखणी
यातून माझ्यासाठी आणखी एक अट निघाली. शब्दात ‘जन्मजात’ किंवा ‘प्रकृती’ यायला नको. ‘मंद प्रकृती’ असा एक पर्याय मी वहीत लिहून ठेवला होता, तो खोडते. सायलीताईंची प्रकृती एक सांगते आणि त्या दिवशीचं विकर दुसरं.

मग असं : ‘रूपांतर न होणारा गट’, ‘अल्प रूपांतर’, ‘नेहमीचं रूपांतर’, ‘अति रूपांतर’. पूअरला ‘अल्प’ म्हणावं असं आधी वाटलं होतं, पण रसशाळा म्हणतात त्याप्रमाणे तिथे बेरीज शून्य आहे. ‘अल्प’ इंटरमीजिएटला जास्त शोभेल.

अवलोकिता
कोडीनबद्दल मी चुकले होते, मान्य. पण ‘अल्ट्रारॅपिड’मधला वेग कुठे गेला? ‘अति’ म्हणजे प्रमाण, गती नव्हे.

रसशाळा
जादा प्रती असल्या तर एकेक विकर वेगाने काम करू लागत नाही, विकरांची संख्या वाढते. कारागीर तोच, माणसं जास्त. म्हणून ‘अति’ मला जवळचं वाटतं. मात्र सिप टू-सी-नाइन्टीन या दुसऱ्या विकरात ‘रॅपिड’ आणि ‘अल्ट्रारॅपिड’ असे दोन वेगळे गट आहेत. तिथे ‘अति’ एकट्याने पुरणार नाही, ‘वाढीव’ आणि ‘अति’ अशी जोडी लागेल.

आणखी एक सांगून ठेवतो. गटांची नावं इंग्रजीतही स्थिर नाहीत. आज ‘नॉर्मल’ म्हणतात त्याला पूर्वी ‘एक्स्टेन्सिव्ह’ म्हणत, आणि ऐकणाऱ्याला ते नॉर्मलच्या वरचं वाटायचं. सीपिक या मार्गदर्शक गटाने २०१७ मध्ये नावं एकसारखी केली. त्यानंतर सीमाही हलल्या. `*1/*4` ची बेरीज एक. असा माणूस जुन्या हिशेबात नॉर्मल होता, आताच्या हिशेबात इंटरमीजिएट. जनुक तेच, अहवालातला शब्द बदलला. तेव्हा पत्रकात गटाच्या नावाशेजारी ती तारांकित ओळ आणि अहवालाची तारीख जरूर छापा.

जुनाजाणता
‘रूपांतर न होणारा गट’ व्याकरणात लंगडतो. रूपांतर औषधाचं होतं, गटाचं नव्हे. ‘रूपांतर न करणारा’ म्हणा.

लेखणी
‘न करणारा’ म्हटलं की माणूस हट्टाने करत नाही असं वाटतं! मी सध्या नावच सोडून वाक्य लिहिलं आहे : ‘तुमच्या शरीरात या विकरामार्फत कोडीनचं मॉर्फीनमध्ये रूपांतर होत नाही. त्यामुळे कोडीनने वेदना कमी होणार नाही, जास्त गोळ्या घेतल्या तरी नाही.’ काकूंना पुन्हा वाचायला दिलं. त्यांनी विचारलं, “मग दुसरी कुठली गोळी?” हा प्रश्न बरोबर आहे. पण तक्त्याच्या डोक्यावर तर एकच शब्द मावतो, आणि तो अजून मिळालेला नाही.

मनमौजी
‘रूपांतरशून्य’ चालेल का? आता मला वजनाचं नाही वाटत.

जुनाजाणता
चालेल असं वाटतं. काकूंना विचारा.